स्तंभ आणि रेषा, मापे दोन: हवामान आलेख कसा तपासावा

भूगोलाच्या पुस्तकात, स्पर्धा परीक्षेच्या प्रश्नात किंवा प्रात्यक्षिक वहीत एक ठरावीक आकृती येते. खाली बारा महिने, त्यांवर पावसाचे उभे स्तंभ, आणि त्या स्तंभांना छेदत जाणारी तापमानाची एक रेषा. डावीकडे एक मोजपट्टी, उजवीकडे दुसरी. यालाच हवामान आलेख म्हणतात. तो काढणे तसे सोपे आहे. वाचताना मात्र चुका होतात, आणि त्यातली बहुतेक चूक एकच असते: स्तंभ एका मापावर वाचायचा तो दुसऱ्यावर वाचला जातो. अशा चुकीची उत्तरे पुष्कळदा खरी वाटतात, म्हणून ती पकडली जात नाही. हा लेख मुख्यतः ती चूक कशी पकडायची यासाठी आहे.

उदाहरण म्हणून पुणे घेऊ. खालचे आकडे पुण्याच्या दीर्घकालीन सरासरीच्या जवळचे आहेत. सरावाला सोपे जावेत म्हणून मी ते गोल केले आहेत. त्यामुळे ते अधिकृत नोंद म्हणून कुठे वापरू नका. आलेख शिकायला ते पुरेसे आहेत.

| महिना | पाऊस (मिमी) | सरासरी तापमान (अंश से.) |
|---|---|---|
| जानेवारी | ० | २१ |
| फेब्रुवारी | ० | २२ |
| मार्च | ५ | २६ |
| एप्रिल | १० | २९ |
| मे | ३० | ३० |
| जून | १४० | २७ |
| जुलै | १८५ | २५ |
| ऑगस्ट | १२५ | २४ |
| सप्टेंबर | १२५ | २५ |
| ऑक्टोबर | ८० | २५ |
| नोव्हेंबर | २५ | २२ |
| डिसेंबर | ५ | २० |

हा आलेख आपण साध्या आलेख कागदावर काढला आहे असे समजू. डावा अक्ष तापमानाचा, प्रमाण १ सेमी = ५ अंश. उजवा अक्ष पावसाचा, प्रमाण १ सेमी = २० मिमी. दोन्ही अक्ष खाली शून्यापासून सुरू होतात. कागद पेन्सिल जवळ असेल तर आत्ताच काढून घ्या, पुढचे सगळे त्यावर पडताळता येईल.

पहिली पायरी: आलेखाकडे बघण्याआधी त्याच्या कडा वाचा

नवखा वाचक सर्वात उंच स्तंभाकडे आधी बघतो. तो मोह आवरा. आधी शीर्षक, मग डावा अक्ष, उजवा अक्ष, सूची आणि शेवटी खालचे महिने, या क्रमाने जा.

शीर्षकात तीन गोष्टी हव्यात: ठिकाण, कालावधी, आणि तापमान कोणते. तिसरी गोष्ट बहुतेक वेळा लिहिलेली नसते आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या तक्त्यांत महिन्याचे सरासरी कमाल आणि सरासरी किमान तापमान वेगवेगळे दिलेले असते. पुण्यात एप्रिलचे सरासरी कमाल ३८ अंशांच्या जरा खाली आणि सरासरी किमान २१ च्या जरा खाली असते. या दोहोंचा मध्य साधारण २९ येतो, आणि आपल्या तक्त्यात तोच आहे. आता कुणी पुण्याच्या आलेखात एप्रिलला ३८ दाखवले असेल तर ती चूक असेलच असे नाही, कदाचित ती कमाल तापमानाची रेषा असेल. पण शीर्षकात तसे लिहिलेले नसेल, तर त्या आलेखाची तुलना दुसऱ्या गावाच्या सरासरी तापमानाच्या आलेखाशी करता येणार नाही.

कालावधीचेही तसेच. हवामान आलेखात एका वर्षाची नोंद नसते, साधारण ३० वर्षांची सरासरी असते. या दोहोंत किती अंतर पडू शकते याचे मुंबईइतके ठळक उदाहरण नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ केंद्रावर २४ तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला. तिथे अख्ख्या जुलैची दीर्घकालीन सरासरी ८०० मिमीच्या आसपास आहे, म्हणजे त्या एका दिवसाने महिन्याची सरासरी ओलांडली. म्हणून 'मुंबई, २००५' आणि 'मुंबई, ३० वर्षांची सरासरी' हे दोन आलेख शेजारी ठेवले तर जुलैचे स्तंभ जुळणार नाहीत, आणि तरी दोन्ही बरोबर असतील.

मग अक्ष. प्रत्येक अक्षाशेजारी एकक हवे, म्हणजे एका बाजूला 'मिमी' आणि दुसऱ्या बाजूला 'अंश से.'. काही पुस्तकांत पाऊस डावीकडे असतो, काहींत उजवीकडे. 'डावीकडे नेहमी तापमान' असा नियम पाठ करू नका, तो सगळीकडे लागू पडत नाही. त्याऐवजी पेन्सिलने एक छोटे काम करा. पावसाच्या अक्षावर वरच्या टोकाला एक छोटा स्तंभ काढा आणि तापमानाच्या अक्षावर एक लहान नागमोडी रेघ. मग वाचताना प्रत्येक वेळी एककाकडे परत जावे लागत नाही, नजर आपोआप योग्य बाजूला वळते.

शेवटी महिने. मराठी आलेखांत जागा कमी पडली की महिने एका अक्षरावर येतात: जा, फे, मा, ए, मे, जू, जु, ऑ, स, ऑ, नो, डि. यात ऑगस्ट आणि ऑक्टोबर दोन्ही 'ऑ' आहेत, आणि जून-जुलैमध्ये फक्त उकार ऱ्हस्व की दीर्घ एवढाच फरक. पुण्याच्या आलेखात पहिला 'ऑ' १२५ मिमीचा आहे आणि दुसरा ८० मिमीचा. घाईत गल्लत झाली तर ४५ मिमीचा फरक पडतो. म्हणून अक्षरावर विसंबू नका, डावीकडून स्तंभ मोजा. ऑगस्ट आठवा, ऑक्टोबर दहावा. त्याआधी पहिला महिना जानेवारीच आहे ना, हेही बघून घ्या. काही आलेख जूनपासून सुरू होतात, कारण पावसाळा मध्ये तुटू नये असे काढणाऱ्याला वाटलेले असते.

दुसरी पायरी: लहान घराची किंमत काढा

आलेख कागदावर १ सेमीमध्ये दहा लहान घरे असतात. आपल्या प्रमाणात पावसाच्या अक्षावर एका लहान घराची किंमत २ मिमी, आणि तापमानाच्या अक्षावर अर्धा अंश. म्हणजे तेच घर, तीच उंची, पण अर्थ दोन. वाचन सुरू करण्यापूर्वी या दोन किमती आलेखाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

छापील आलेखात लहान घरे नसतात. तिथे दोन शेजारच्या आकड्यांतले अंतर पट्टीने मोजा आणि भागाकार करा. समजा पावसाच्या अक्षावर ० ते ५० हे अंतर २ सेमी भरले, तर १ मिलिमीटर उंची म्हणजे अडीच मिमी पाऊस. ही मोजणी अक्षावर दोन ठिकाणी करा, एकदा खाली आणि एकदा वर. दोन्हीकडे तेच उत्तर आले पाहिजे. नाही आले तर प्रमाण मध्येच बदलले आहे. असे मुद्दाम केलेले आलेखही असतात, त्यांच्याकडे शेवटी येऊ.

याच वेळी शून्य कुठे आहे तेही बघा. पावसाचा अक्ष शून्यापासूनच सुरू व्हायला हवा. स्तंभाची लांबी म्हणजेच पाऊस, त्यामुळे अक्ष ५० पासून सुरू केला तर १०० मिमीचा स्तंभ १५० मिमीच्या स्तंभाच्या निम्मा दिसेल, आणि ते खोटे आहे. तापमानाच्या रेषेला ही अट लागू नाही. शून्य अंश म्हणजे 'तापमान नाही' असा अर्थ होत नाही, म्हणून अक्ष १५ पासून सुरू केला तरी चालते. फक्त मग रेषेचा चढउतार खऱ्यापेक्षा मोठा भासतो. पुण्याची वार्षिक तापमान कक्षा १० अंशांची आहे, मे मधले ३० वजा डिसेंबरमधले २०. अक्ष ० ते ४० असेल तर ती रेषा शांत टेकडीसारखी दिसते, आणि १८ ते ३२ असेल तर त्याच आकड्यांचा उभा कडा होतो.

लेहसारख्या ठिकाणी हिवाळ्यातली रेषा शून्याच्या खाली उतरते. अशा आलेखात तापमानाचा शून्य आणि पावसाचा शून्य एकाच उंचीवर नसू शकतात. दोन्ही शून्यांवर पेन्सिलने खूण केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तिसरी पायरी: एक महिना नीट वाचा

जुलै घ्या. स्तंभाच्या माथ्यावर पट्टी आडवी ठेवा आणि पावसाच्या अक्षाकडे, म्हणजे उजवीकडे न्या. उंची ९.२५ सेमी, गुणिले २०, पाऊस १८५ मिमी. मग रेषेवरचा जुलैचा बिंदू शोधा, पट्टी त्यावर ठेवा आणि आता डावीकडे न्या. उंची ५ सेमी, गुणिले ५, तापमान २५ अंश. पट्टी अगदी आडवी राहिली पाहिजे. ती जरा तिरपी झाली तरी आलेखाच्या रुंदीमुळे दुसऱ्या टोकाला दोन-तीन घरांचा फरक पडतो. गुण्या असेल तर तो अक्षाला टेकवून काटकोन साधा.

बिंदू महिन्याच्या रकान्याच्या मध्यभागी, स्तंभाच्या बरोबर मधोमध असावा. तो दोन महिन्यांमधल्या रेघेवर दिलेला असेल तर आलेख काढणाऱ्याचीच चूक आहे, आणि बिंदू कोणत्या महिन्याचा हे सांगता येत नाही. बिंदूंना जोडणारी रेषा फक्त डोळ्याला कल दिसावा म्हणून असते. दोन बिंदूंच्या मधल्या जागी पट्टी ठेवून '१५ जून ते १५ जुलैच्या मध्यावर तापमान २६' असे वाचू नका, तशी नोंद मूळ तक्त्यात नाहीच.

स्तंभ आणि बिंदू यांत आणखी एक मूलभूत भेद आहे. स्तंभ ही महिनाभराच्या पावसाची बेरीज आहे, बिंदू ही महिनाभराच्या तापमानाची सरासरी. म्हणून वर्षाचा आकडा काढताना बारा स्तंभांची बेरीज करायची आणि बारा बिंदूंची सरासरी. पुण्याची बेरीज ७३० मिमी येते आणि तापमानाची सरासरी २४.७ अंश. परीक्षेत 'वार्षिक सरासरी पर्जन्यमान' विचारले की काही मुले ७३० ला बाराने भागून ६१ मिमी लिहितात. तिथे सरासरी हा शब्द वर्षांची सरासरी या अर्थाने आहे, महिन्यांची नाही. उत्तर ७३० मिमीच.

चौथी पायरी: मापांची अदलाबदल झाली का ते तपासा

लेखातला मुख्य भाग हाच, म्हणून इथे जरा थांबू.

समजा कुणी जुलैचा स्तंभ चुकून तापमानाच्या मापावर वाचला. उंची ९.२५ सेमी, गुणिले ५, उत्तर ४६ अंश. पुण्यात जुलैची सरासरी ४६ अंश असूच शकत नाही, हे कुणालाही लगेच कळेल. जानेवारीचा स्तंभ तर शून्य उंचीचा, म्हणजे शून्य अंश. तेही लगेच खटकेल.

आता ऑक्टोबर बघा. स्तंभाची उंची ४ सेमी, रेषेची ५ सेमी. बरोबर वाचले तर पाऊस ८० मिमी आणि तापमान २५ अंश. अदलाबदल झाली तर तापमान २० अंश आणि पाऊस १०० मिमी. ही दोन्ही उत्तरे ऑक्टोबरच्या पुण्याला शोभतील अशी आहेत! परतीचा पाऊस १०० मिमी पडणे शक्य आहे, आणि ज्याला पुण्याची ओळख नाही त्याला २० अंशही विचित्र वाटणार नाही. म्हणजे 'उत्तर पटते का' ही कसोटी टोकाच्या महिन्यांत कामाला येते, मधल्या महिन्यांत नाही. परीक्षक नेमका मधला महिना विचारतो, हे लक्षात असू द्या.

म्हणून तपासणीसाठी विचारलेला महिना घेऊ नका, टोकाचा घ्या. प्रश्न ऑक्टोबरचा असला तरी आधी सर्वात उंच आणि सर्वात ठेंगण्या स्तंभाचे वाचन करा. ज्या मापावर जुलै १८५ आणि जानेवारी ० येते ते पावसाचे, आणि तेच माप ऑक्टोबरच्या स्तंभाला लावायचे. याला अर्धे मिनिटसुद्धा लागत नाही.

बाराही महिने वाचायचे असतील तर बेरजेची कसोटी याहून पक्की आहे. चांगल्या आलेखाच्या कोपऱ्यात वार्षिक पर्जन्य छापलेले असते. आपण वाचलेले बारा आकडे मिळवा आणि त्याच्याशी ताडून पाहा. कुणी रेषाच पावसाची समजून उजव्या मापावर वाचली तर काय होईल? आपल्या प्रमाणात रेषेचा प्रत्येक अंश ४ मिमी म्हणून वाचला जाईल. बारा तापमानांची बेरीज २९६, गुणिले ४, म्हणजे ११८४ मिमी. छापलेले ७३० आणि आपले ११८४, हा फरक वाचनातल्या किरकोळ चुकांनी पडणारा नाही.

बेरजेतला फरक किती आहे यावरूनही बरेच कळते. प्रत्येक स्तंभात दोन-तीन मिमी इकडेतिकडे होणारच, त्यामुळे वर्षाच्या बेरजेत २०-३० मिमी कमीजास्त आले तर ते सोडून द्या. बेरीज ६३० आली, म्हणजे नेमकी १०० ने कमी, तर एखादा स्तंभ वाचताना अक्षावरचा आकडा चुकला आहे. बहुधा जुलैचे १८५ ऐवजी ८५ झाले असतील. बेरीज ६०५ आली तर १२५ कमी आहेत, म्हणजे ऑगस्ट किंवा सप्टेंबर गाळला गेला. हे दोन स्तंभ सारख्याच उंचीचे असल्यामुळे एकदा वाचला की दुसराही झाला असे वाटून जाते.

पाचवी पायरी: आलेख त्या गावाच्या हवामानाशी जुळतो का

इथवर आपण वाचन तपासले. आता आलेख स्वतः बरोबर काढला आहे का ते बघू. त्यासाठी हवामानाची थोडी कारणमीमांसा लागते.

पुण्यात तापमानाचे शिखर मे महिन्यात आहे, जुलैमध्ये नाही. उत्तर गोलार्धात सूर्य जूनमध्ये सर्वात उत्तरेला असतो, तरीही इथे जूनमध्ये रेषा खाली वळते. जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास नैऋत्य मोसमी वारे पुण्यापर्यंत येतात, ढग ऊन अडवतात आणि भिजलेल्या जमिनीतून होणाऱ्या बाष्पीभवनात उष्णता खर्ची पडते. म्हणून आपल्या आलेखात स्तंभ अचानक ३० वरून १४० वर उडी घेतो त्याच जागी रेषा ३० वरून २७ वर उतरते. स्तंभांची ही उडी आणि रेषेची ही उतरण एकाच महिन्यात दिसली पाहिजे. रेषा एक महिना उशिरा उतरत असेल, तर बिंदू देताना ते एक रकाना पुढे सरकले आहेत असे समजा. दिल्लीला मात्र ही खूण जशीच्या तशी लावू नका. तिथे पाऊस जूनच्या अखेरीस पोहोचतो, त्यामुळे जूनही मेइतकाच तापलेला असतो.

पावसाळा सरल्यावर रेषा लगेच घसरत नाही. ऑगस्टमध्ये २४, मग सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये २५. आकाश मोकळे होते, ऊन थेट पडते, आणि दुपारी 'ऑक्टोबर हीट' जाणवते. सरासरी तापमानात ती एवढीशीच दिसते, कारण त्याच महिन्यात रात्री थंड होऊ लागतात आणि रात्रीची घट दिवसाची वाढ खाऊन टाकते. कमाल तापमानाची रेषा काढली तर हाच उंचवटा चांगला ठळक होतो.

मे महिन्यातले ३० मिमी वळवाचे आहेत. तिथे स्तंभ दिसला म्हणून पावसाळा मेमध्ये सुरू झाला असे लिहू नका. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांची बेरीज ५७५ मिमी, म्हणजे वर्षाच्या ७३० पैकी सुमारे ७९ टक्के. मोसमी हवामान ओळखायला हे प्रमाण काढणे सर्वात भरवशाचे.

ठिकाणाचे नाव झाकून आलेख ओळखायला सांगितला, तर आधी रेषेचे शिखर बघा. शिखर जानेवारीच्या आसपास असेल तर ठिकाण दक्षिण गोलार्धातले. नंतर स्तंभांचे शिखर. भारतातल्या आलेखात सर्वात उंच स्तंभ ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असेल तर तमिळनाडूच्या किनाऱ्याचा विचार करा, चेन्नई हे त्याचे नेहमीचे उदाहरण. तिथे ईशान्य मोसमी वारे पाऊस देतात. 'चेन्नई' असे शीर्षक आणि जुलैचा स्तंभ सर्वात उंच, असा आलेख समोर आला तर शीर्षक किंवा आकडे, दोहोंपैकी एक चुकले आहे.

दोन गावांचे आलेख शेजारी ठेवताना मात्र उंचीला भुलू नका. मुंबईच्या आलेखात पावसाचा अक्ष १००० मिमीपर्यंत असेल तर जुलैचे ८०० मिमी आलेखाच्या दहापैकी आठ भागांपर्यंत पोहोचतात. पुण्याच्या आलेखात अक्ष २०० पर्यंतच, त्यामुळे १८५ मिमीचा स्तंभ सव्वानऊ भाग उंच जातो. डोळ्याला पुण्यात पाऊस जास्त दिसतो, आणि प्रत्यक्षात तो मुंबईच्या चौथाईपेक्षा कमी आहे, कारण पुणे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेच्या बाजूला आहे. तुलना करायची असेल तर दोन्ही आलेख एकाच प्रमाणावर पुन्हा काढा, किंवा सरळ आकडे लिहून तक्ता करा.

संगणकावर काढलेला आलेख असेल तर

आजकाल प्रकल्पासाठी मुले आलेख संगणकावर काढतात. तिथली सर्वात सामान्य चूक दुरूनही ओळखू येते: तापमानाची रेषा तळाशी जवळजवळ सपाट पडलेली असते. दोन्ही मालिका एकाच अक्षावर बसल्या की असे होते. ० ते २०० च्या मापावर २५ हा आकडा आठव्या भागाइतक्या उंचीवर राहतो, आणि २० ते ३० मधला चढउतार दिसतच नाही. एक्सेलमध्ये रेषेवर उजवी क्लिक करून `Format Data Series` मध्ये `Secondary Axis` निवडा. गूगल शीट्समध्ये `Combo chart` घेऊन `Customize`, मग `Series`, तिथे तापमानाची मालिका निवडून `Axis` पुढे `Right axis` करा. त्यानंतर दोन्ही अक्षांची किमान आणि कमाल मर्यादा स्वतः भरा. प्रणाली आपल्या मनाने अक्ष कुठूनही सुरू करते, आणि दोन्ही अक्षांना एकक लिहायचे काम तर ती सहसा करत नाही.

रेषा स्तंभाला छेदते तिथे काय वाचायचे

आपल्या आलेखात जून ते सप्टेंबर स्तंभ रेषेच्या वर निघतात आणि ऑक्टोबरमध्ये खाली राहतात. यावरून 'जून ते सप्टेंबर पाऊस तापमानापेक्षा जास्त' असे वाक्य उत्तरपत्रिकांत येते. त्याला काही अर्थ नाही, मिलिमीटर आणि अंश यांची तुलना होत नाही. पावसाचे प्रमाण १ सेमी = ४० मिमी केले की जुलैचा स्तंभ ४.६ सेमीवर येतो आणि ५ सेमीवरच्या रेषेखाली जातो. पाऊस तेवढाच राहिला, फक्त छेदबिंदू हलला.

याला एक खराखुरा अपवाद आहे. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ बान्यूल आणि गोसां यांनी १९५३ मध्ये कोरडा महिना ओळखण्याचा एक ढोबळ नियम मांडला: महिन्याचा पाऊस मिमीमध्ये, त्याच महिन्याच्या सरासरी तापमानाच्या दुपटीपेक्षा कमी असेल तर तो महिना कोरडा. नंतर हाइनरिश वाल्टर आणि हेल्मुट लीथ या जर्मन शास्त्रज्ञांनी जगभरच्या केंद्रांचे आलेख याच नात्यावर काढले. त्यांत १० अंश आणि २० मिमी नेहमी एकाच उंचीवर असतात. असे प्रमाण असेल तेव्हाच छेदबिंदू बोलतो. पावसाची आकृती रेषेच्या वर असेल तो काळ ओला आणि खाली असेल तो कोरडा.

पुण्याला हा नियम लावून बघा. ऑक्टोबरमध्ये पाऊस ८० मिमी, तापमानाची दुप्पट ५०, म्हणजे महिना ओला. आपल्या आधीच्या आलेखात हाच ऑक्टोबर रेषेखाली होता. नोव्हेंबरमध्ये २५ विरुद्ध ४४, कोरडा. मेमध्ये ३० विरुद्ध ६०, वळीव येऊनही कोरडा. म्हणजे पुण्यात जून ते ऑक्टोबर असे पाच ओले महिने. हा नियम फक्त पाऊस आणि तापमान बघतो. जमीन किती पाणी धरून ठेवते, वारा किती, हे त्यात येत नाही, त्यामुळे शेतीचा निर्णय त्यावर बेतू नये. भूगोलाच्या आलेखात ओला आणि कोरडा काळ दाखवायला मात्र तो चांगला चालतो.

या पद्धतीच्या आलेखात आणखी एक गोष्ट जपून वाचावी लागते. १० अंश = २० मिमी हे नाते पाळून १ सेमीला २० मिमी धरले तर मुंबईच्या जुलैचा स्तंभ ४० सेमी उंच होईल, म्हणजे पानाबाहेर जाईल. म्हणून १०० मिमीच्या वर प्रमाण दहा पटींनी आक्रसलेले असते. १०० पर्यंत १ सेमी = २० मिमी, त्यापुढे १ सेमी = २०० मिमी. दुसऱ्या पायरीत अक्ष दोन ठिकाणी मोजायला सांगितले ते अशाच अक्षासाठी: आकडे ६०, ८०, १०० असे चढत येतात आणि तेवढ्याच अंतरावर पुढचा आकडा ३०० असतो. १०० च्या वरचा भाग बहुधा गडद भरलेला असतो, त्यावरूनही तो ओळखता येतो. मुंबईच्या जुलैचे ८०० मिमी इथे दोन तुकड्यांत वाचायचे. पहिल्या १०० मिमीची उंची ५ सेमी, उरलेल्या ७०० ची साडेतीन सेमी, एकूण साडेआठ. ही साडेआठ सेमी सरळ २० ने गुणली तर १७० मिमी येतात, म्हणजे मुंबईचा जुलै पुण्याच्या जुलैपेक्षाही कोरडा ठरतो.